अंधाऱ्या सोप्यातली हळद: चेहरा वर आणायचा, दार जागेवर ठेवायचं

जांबोटी-कणकुंबीकडच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की तिथली जुनी कौलारू घरं वळचण खाली उतरवून आणि खिडक्या हातभर ठेवूनच बांधलेली असतात. वासे धुराने काळे, जमीन शेणाने सारवलेली. अशा घराच्या सोप्यात मे महिन्यातल्या दुपारी हळद लागते. पाटावर नवरी, भोवती बायका, आणि नेमकं पाठीमागे उघडं दार. दारापलीकडे अंगणातलं कडक ऊन आणि शेजारच्या घराची चुना दिलेली भिंत. मोबाइल ऑटोवर असला की तो त्या भिंतीकडे बघून एक्स्पोजर खाली ओढतो. भिंत सुरेख येते, नवरी काळवंडते.

ही क्लिप बेळगावला एडिटिंगला येते तेव्हा सोबत नवरीच्या मामांची मागणीही येते: "पोरगी नीट दिसू दे की, पण दारातला उजेड घालवू नका." मागणी रास्त आहे. नवखा माणूस मात्र आधी ब्राइटनेसची पट्टी धरून उजवीकडे ओढतो. चेहरा उजळतो खरा, पण वासे राखाडी होतात, हळद लिंबासारखी फिकी पडते आणि दाराच्या जागी कोरा पांढरा चौकोन उरतो.

खाली हीच एक क्लिप सुरुवातीपासून शेवटापर्यंत घेतली आहे. सगळं काम DaVinci Resolve च्या मोफत आवृत्तीत होतं. तुमच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी त्यात कर्व्ह आणि तिन्ही रंग वेगळे दाखवणारा वेव्हफॉर्म एवढं असलं म्हणजे पुरे. एक अट आहे: क्लिप साधी, म्हणजे एसडीआर असावी. काही फोन, विशेषतः नवे आयफोन, एचडीआरमध्ये चित्रीकरण करतात. ती क्लिप साध्या टाइमलाइनवर टाकली की रंग आणि उजेड चुकीचे दिसतात, आणि तो दोष एक्स्पोजरचा नसतो. तिचं आधी एसडीआरमध्ये रूपांतर करा, मग इकडे या.

हात लावण्याआधी: किती शिल्लक आहे ते बघा

क्लिप Color पानावर उघडा आणि स्कोपमध्ये Parade निवडा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन पट्टे शेजारी शेजारी दिसतील. खाली ०, वर १०२३. पट्ट्यात जे डावीकडे दिसतं ते चित्रातही डावीकडेच असतं, त्यामुळे दार कुठलं आणि नवरी कुठली हे थोड्याच वेळात ओळखता येतं. नुसता ल्युमाचा, म्हणजे एकूण उजेडाचा, वेव्हफॉर्म इथे पुरत नाही. ओल्या हळदीचा किंवा कुंकवाचा लाल रंग वर जाऊन आपटलेला असतो आणि ल्युमाचा आकडा मात्र बराच खाली, निवांत दिसतो. तीन रंग वेगळे बघितल्याशिवाय ते कळत नाही.

आमच्या क्लिपमध्ये नवरीच्या गालाचा उजेड सुमारे ३१० वर होता, वाशांमधला अंधार ३० वर, आणि दारातली भिंत थेट १०२३ ला चिकटलेली, वरून कापल्यासारखी सपाट रेघ. ही रेघ बघून घाबरायचं कारण नाही, अजून तरी नाही. बरेच कॅमेरे पांढऱ्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या थोडं वरचंही नोंदवतात. Resolve तो भाग टाकून देत नाही, फक्त दाखवत नाही.

तो आहे की गेला हे तपासायची एक सोपी रीत आहे. गेनचं चाक हळूहळू खाली आणा, ०.९० पर्यंत. आता वरच्या रेघेकडे बघा. ती खाली येता येता विस्कटली, तिच्यात चढउतार दिसू लागले, तर तिथे माहिती आहे. ती तशीच सपाट राहून एका सरळ रेषेत खाली उतरली, तर तिथे काही उरलेलं नाही. खाली आणाल तेव्हा पांढऱ्याऐवजी राखाडी ठिगळ मिळेल, बस्स. आमच्या भिंतीवर चुन्याचे पोपडे आणि खालच्या बाजूची ओल दिसायला लागली. अंगणातल्या तांब्याच्या घागरीवर ऊन चमकत होतं, तेवढा ठिपका मात्र सपाटच उतरला. तो गेला. घागरीवरची चमक पांढरी असायचीच, तिच्यासाठी जीव टाकू नये. भिंत वाचली हे महत्त्वाचं.

हीच परीक्षा खालच्या टोकालाही घ्या. लिफ्ट थोडं वर ढकला. वाशांमध्ये काही आकार दिसले तर ठीक. सगळा अंधार एकसंध राखाडी झाला तर वासे काळ्यात बुडालेत, त्यांना वर काढायच्या नादाला लागू नका. परीक्षा झाली की दोन्ही चाकं पुन्हा मूळ जागी आणा.

क्लिपमधलं काळं संशयास्पदरीत्या ठार काळं आणि पांढरं ठार पांढरं, दोन्ही एकदम वाटत असेल तर आणखी एक जागा बघायची. क्लिपवर उजवं क्लिक, Clip Attributes, त्यात Data Levels. काही फोन पूर्ण पल्ल्यात नोंद करतात आणि फाइलवर तशी खूण नसते. मग सॉफ्टवेअर तिला मर्यादित पल्ल्याची समजून दोन्ही टोकं ताणतं. Full निवडल्यावर पोपडे आणि वासे दोन्ही एकदम दिसू लागले तर दुखणं तेच होतं. निम्मं काम तिथेच होतं.

लिफ्ट, ऑफसेट, गॅमा, गेन: कोण काय बिघडवतं

कर्व्हकडे जाण्याआधी चाकांची ओळख हवी, कारण कर्व्हवर आपण त्यांचंच काम वाटून देणार आहोत.

ऑफसेट सगळंच उचलतो, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सारखंच. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमधली ब्राइटनेसची पट्टी थोडीफार हेच करते. लिफ्ट काळ्याला सगळ्यात जास्त उचलतो आणि वर जाता जाता त्याचा जोर कमी होत जातो. दोघांचा दोष एकच: तिन्ही रंगांमध्ये जवळपास सारखीच भर घालतात. समजा गडद हिरव्या चुड्यात लाल ४०, हिरवा ९० आणि निळा ५० आहे. प्रत्येकात १०० मिसळले की १४०, १९०, १५० झाले. हिरवा आधी लालाच्या दुपटीहून जास्त होता, आता दीडपटही राहिला नाही. चुडा उजळला, पण राखाडी झाला. अंधाऱ्या क्लिपवर जो धुकट पांढुरका थर येतो, तो इथूनच येतो.

गेन गुणाकार करतो. ४०, ९०, ५० ला दीडने गुणलं तर ६०, १३५, ७५. नातं तसंच राहिलं, म्हणून रंगही तसाच राहिला. शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच, त्यामुळे काळं जागेवर राहतं. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवल्यावर जे होतं त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. साध्या २.४ गॅमाच्या चित्रात एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवायचा तर गेन साधारण १.३३ लागतो. पण गेन दारालाही गुणतो. ९५० ची भिंत १.३३ ने गुणली की १२६० च्या वर गेली, म्हणजे पडद्यावर कोरी.

गॅमा दोन्ही टोकं बांधून मधलं उचलतो. घाईचं काम असेल, क्लिप फारशी अंधारी नसेल, तर गॅमा पुरतो आणि मी तो वापरतोही. मात्र तो काळ्याच्या लगतचा भाग फार जोरात ताणतो. तिथे रंगापेक्षा सेन्सरचा खर, म्हणजे नॉइज, जास्त असतो, आणि तोही वर येतो.

म्हणजे आपल्याला हवंय ते असं: गालापर्यंत गेनसारखी सरळ चढण, तिथून पुढे हळूहळू नरम होत जाणारा खांदा, आणि काळं आपल्या जागी. हे एका चाकाने होत नाही, कर्व्हने होतं.

पहिला नोड: दार आत घ्या

पहिल्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात, गेन ०.९२ वर आणा. उजेड वाढवायच्या कामात आधी कमी कशाला करायचा, असं वाटेल. कारण एवढंच की भिंतीचा जो भाग मर्यादेच्या वर होता, तो आता १०२३ च्या आत, ९४० ते ९९० च्या पट्ट्यात उघडा दिसतो, आणि पुढच्या कर्व्हला तो धरता येतो. गाल ३१० वरून २८५ ला आला, काळं २८ ला. हे नुकसान पुढच्या पायरीत भरून निघतं.

तुमच्या क्लिपमध्ये वरची रेघ आधीच १०२३ च्या आत असेल तर हा नोड रिकामा सोडा.

दुसरा नोड: कर्व्ह

Alt+S ने पुढचा नोड जोडा आणि Curves मध्ये Custom उघडा. आडवी बाजू म्हणजे आत येणारा उजेड, उभी बाजू म्हणजे बाहेर जाणारा. Y, R, G, B या चारही वाहिन्या जोडलेल्या असू द्या, म्हणजे तिन्ही रंग एकाच रेषेने चालतील. बिंदू टाकण्याचा क्रम पाळा. आधी जे हलू द्यायचं नाही ते बांधायचं, मग हलवायचं.

पहिला बिंदू अगदी खाली डावीकडे, २८ च्या जागी, कर्णावरच. हा काळ्याचा खुंटा. दुसरा वर उजवीकडे, ९६० ला, तोही कर्णावरच. हा भिंतीचा. आता रेष जागची हलणार नाही अशी झाली. तिसरा बिंदू आडव्या बाजूच्या पहिल्या चौथाईच्या जरा पुढे, म्हणजे २८५ च्या आसपास टाका आणि सरळ वर उचला. नजर कर्व्हवर नको, परेडवर ठेवा. गालाचा भाग ४३० ला पोचला की थांबा.

४३० च का? नेहमीच्या उजेडात सावळ्या-गव्हाळ चेहऱ्याला ४५० ते ५५० ठीक दिसतं. पण इथे पाठीमागे उन्हातलं दार दिसतंय. दार ९६० वर आणि चेहराही ५५० वर असला की डोळ्याला पटत नाही. स्टुडिओत चेहरा काढून मागे दार चिकटवल्यासारखं दिसतं. सोपा अंधारा होता हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. म्हणून थोडं कमीच ठेवायचं. मूळ ३१० वरून ४३० म्हणजे एका स्टॉपहून जरासं जास्त झालं, आणि आठ बिटच्या मोबाइल क्लिपला तेवढं बहुतेक वेळा झेपतं. दोन स्टॉप मागाल तर क्लिप फाटते. कशी फाटते ते पुढे येतंच.

चौथा बिंदू खांद्याचा. ६५० च्या जागी टाका आणि ७४० पर्यंत उचला. आता रेषेचं चालणं बघा. २८ पासून २८५ पर्यंत ती सुमारे दीडपटीने चढते. तिथून ६५० पर्यंत चढण ०.८५ वर येते आणि शेवटी ०.७० च्या आसपास. कुठेही एकदम मोडलेली नाही. रेष कुठे आडवी झाली, किंवा वर जाऊन पुन्हा खाली वळली, तर त्या जागचा उजेड चेंगरला. चेहऱ्याच्या उन्हाकडच्या कडेला, कपाळावर किंवा खांद्यावर, प्लास्टिकसारखा सपाट चकाका दिसला तर आधी कर्व्हवर अशी आडवी जागा शोधा. बिंदू फार जवळ जवळ टाकल्याने ती होते. चारच बिंदू पुरेत.

खांद्याची किंमत भिंतीला मोजावी लागते. तिच्यातला चढउतार ०.७० पटीने दबला, म्हणजे पोपडे थोडे मऊ झाले. हा सौदा मला मान्य आहे. हळदीच्या क्लिपमध्ये चुन्याची भिंत कोण बघतंय!

भिंतीच्या वरच्या कडेला अजून थोडं कापल्यासारखं वाटत असेल तर त्याच पॅनेलमधल्या Soft Clip खालचं High Soft हळूच वाढवा. काप गोलसर होतो. जास्त वाढवलं तर पांढरं सगळं मळकट होतं, हेही लगेच कळतं.

Ctrl+D ने नोड बंद-चालू करून बघा. चेहरा वर आला, दार जागेवर, वासे अजून काळे. आणि हळद? इथेच खरी गोची आहे.

हळद लिंबू का झाली

Viewer वर उजवं क्लिक करून Show Picker RGB Value लावा आणि हातावरच्या ओल्या हळदीवर नेऊन आकडे बघा. कर्व्हच्या आधी लाल ५००, हिरवा ४१० आणि निळा १३० होता. कर्व्हनंतर लाल साधारण ६१३, हिरवा ५३६, निळा १८८. एका नजरेत सगळं वाढलेलं दिसतं. नातं मात्र बदललं. लालाच्या शंभर भागांमागे हिरवा आधी ८२ होता, आता ८७ झाला. निळा २६ होता, तो ३१ झाला.

कारण कर्व्हच्या आकारातच आहे. निळा १३० वर असल्याने रेषेच्या तीव्र चढणीवर होता, तो दीडपटीने वर गेला. लाल आणि हिरवा खांद्यावर होते, ते कमी चढले आणि एकमेकांच्या जवळ आले. पिवळ्यात निळा वाढला की तो फिका होतो. हिरवा लालाच्या जवळ गेला की तो केशरी सोडून लिंबाकडे सरकतो. चेहरा वाचला तो रेषेच्या सरळ भागात होता म्हणून, हळद तिथे नव्हती.

काही जण यावर उपाय म्हणून वाहिन्या वेगळ्या करून फक्त Y चा कर्व्ह उचलतात. त्याने रंगाची जात बदलत नाही, हे खरं. पण Y नुसता उजेड वाढवतो, रंगाचं प्रमाण आहे तेवढंच ठेवतो, त्यामुळे सगळंच चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं आणि नंतर सॅच्युरेशन सगळीकडे बरंच वाढवावं लागतं. एकाच रंगाचं दुखणं असताना सगळ्या चित्राला औषध कशाला? मी जोडलेला कर्व्हच ठेवतो आणि हळदीचं काम वेगळं करतो.

तिसरा नोड जोडा. Curves मध्ये Hue Vs Hue उघडून चित्रातल्या हळदीवर क्लिक करा. रेषेवर तीन बिंदू येतील, मधला हळदीचा आणि बाजूचे दोन राखणीला. मधला अगदी किंचित हलवा. वर की खाली हे लक्षात ठेवायची गरज नाही. हळद केशरीकडे झुकते ती दिशा बरोबर. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगांच्या गोल आलेखावर, हळदीचा पुंजका पिवळ्याच्या खुणेकडून लालाच्या बाजूला थोडा सरकतो, तेवढाच हवा. मग Hue Vs Sat मध्ये पुन्हा हळदीवर क्लिक करून मधला बिंदू थोडा उचला. पिकरवर लाल-हिरव्याचं नातं पुन्हा ८२ च्या आसपास आलं की हात काढा. ओल्या हळदीची चकाकी आणि वाळत आलेल्या हळदीचा मातकटपणा असे दोन वेगळे पिवळे हातावर दिसले पाहिजेत. दोन्ही एकच झाले तर सॅच्युरेशन जास्त झालं.

परेडकडे पुन्हा एकदा बघा. सॅच्युरेशन वाढवलं की पिवळ्याचा लाल पट्टा सगळ्यात आधी छताला लागतो.

बाजूच्या बिंदूंकडेही लक्ष असू द्या. हळदीचा पिवळा आणि कातडीचा रंग यांच्यात फार अंतर नसतं. राखणीचे बिंदू लांब असतील तर शेजारी बसलेल्या आत्याबाईंचं तोंडही नारिंगी होतं.

कातडीची रेष: इथे नवरीवर लावू नका

व्हेक्टरस्कोपच्या सेटिंगमध्ये कातडीच्या रंगाची एक तिरकी रेष चालू करता येते. माणूस गोरा असो की काळा, कातडीचा रंग त्या रेषेच्या आसपास पडतो, म्हणून ती कामाची आहे. पण हळद लागलेला चेहरा त्या रेषेवर पडणारच नाही. तो पिवळ्याच्या बाजूला जाणार आणि तिथेच राहायला हवा. तो ओढून रेषेवर आणायला गेलात तर हळद गुलाबी होते, मुंडावळ्यांची पांढरी फुलं जांभळट होतात, आणि मग त्याच्या मागे लागून सगळं चित्र बिघडतं. रेष तपासायची असेल तर हळद न लागलेला माणूस शोधा: मागे ओवाळायला उभी असलेली करवली, नाहीतर दाराजवळच्या आजी. त्यांचा चेहरा रेषेच्या जवळ असला म्हणजे क्लिपचा तोल ठीक आहे.

अंधारातला रंगीत खर

चेहरा वर आणताना वाशांखालचा भाग थोडा वर आला, आणि त्यात जांभळे-हिरवे ठिपके वळवळताना दिसू लागले असतील. काळा खुंटा लिफ्टने न उचलता जागेवर ठेवला म्हणून ते आटोक्यात आहेत, पण आहेत. नॉइज रिडक्शन मोफत आवृत्तीत नाही, पैसे भरून घेतलेल्या Studio मध्ये आहे. ते असेल तर उजेड वाढवण्याआधी, सगळ्यात पहिल्या नोडवर लावा.

नसेल तर Lum Vs Sat हा कर्व्ह घ्या. आडवी बाजू इथे उजेडाची आहे: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आधी २०० च्या जागेवर एक बिंदू टाकून बांधा, मग अगदी डावं टोक खाली ओढा, अर्ध्यापर्यंत. सगळ्यात अंधाऱ्या भागातला रंगच कमी झाला. खर गेला नाही, पण रंगीत होता तो राखाडी झाला, आणि राखाडी खर डोळ्याला फार खुपत नाही. गडद रंगाची इरकल नेसलेली बाई कोपऱ्यात बसलेली असेल तर तिच्याकडे बघून घ्या. टोक जास्त खाली नेलं तर तिचं लुगडं काळं होतं.

आता क्लिप फाटते म्हणजे काय ते. आठ बिटच्या साध्या क्लिपमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या असतात. आपल्या क्लिपमध्ये वाशांपासून गालापर्यंत त्यातल्या सुमारे ६० वाट्याला आल्या होत्या. आपण त्या ८६ पायऱ्यांच्या जागेत पसरवल्या, म्हणजे दर दहा जागांमागे तीन रिकाम्या. परेडच्या खालच्या भागात नीट बघितलं तर आडव्या बारीक फटी दिसतात, त्या याच. एवढं ताणणं सहसा दिसून येत नाही, कारण थोडा खर त्या फटी बुजवतो. त्याच पायऱ्या १३० जागांवर पसरवल्या की सारवलेल्या भिंतीवर नकाशावरच्या रेषांसारखे पट्टे उमटतात, आणि फोनने फाइल लहान करताना अंधारात केलेले चौकोनही उघडे पडतात. गालाखाली किंवा हनुवटीच्या सावलीत असा चौकोन दिसला तर दुसऱ्या नोडमधला तिसरा बिंदू खाली आणा. ४३० वर नाही जमलं तर ४०० वर राहा. थोडी अंधारी नवरी चालते, चौकोनी हनुवटी चालत नाही.

एका फ्रेमवर जमलं, पुढे?

इथवर सगळं एका थांबलेल्या फ्रेमवर केलं. क्लिप चालवून बघा. मोबाइल ऑटोवर असल्यामुळे कोणी दारात येऊन उभं राहिलं की दार झाकतं, फोनला अंधार वाटतो आणि तो आपणहून उजेड वाढवतो. त्या क्षणी आपला कर्व्ह चेहऱ्याला गरजेपेक्षा जास्त वर नेतो. म्हणून काम सुरू करतानाच क्लिप एकदा पुढेमागे फिरवून सगळ्यात उजळ फ्रेम शोधा आणि वरच्या टोकाचा बिंदू तिच्यावर बेतून ठेवा.

उजेड मध्येच बदलत असेल तर दोन वाटा आहेत. बदल झटक्यात होत असेल तर तिथे क्लिप कापा, ग्रेड दोन्हीवर तोच ठेवा आणि दुसऱ्या तुकड्यात फक्त तिसरा बिंदू खाली घ्या. बदल हळूहळू होत असेल तर शेवटी एक वेगळा नोड जोडून त्यातल्या गेनला कीफ्रेम द्या. कर्व्हच्या बिंदूंना कीफ्रेम देण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. रेष मध्ये कुठे वाकडी होते ते कळतही नाही.

दाराभोवती वेगळी खिडकी, म्हणजे Power Window, काढून फक्त तेवढंच खाली घ्यायचं, असंही सुचवलं जातं. फोन तिवईवर असेल तर जरूर करा. हातातल्या फोनच्या क्लिपवर खिडकीला दारामागे पळवावं लागतं. बायका मधून ये-जा करतात, त्यांच्या डोक्यांभोवती काळी-पांढरी किनार दिसते, आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं. चार बिंदूंचा कर्व्ह बरा.

बाहेर काढताना

पूर्ण क्लिप रेंडर करण्याआधी सगळ्यात अंधारा दहा सेकंदांचा तुकडा बाहेर काढा आणि ती फाइल परत टाइमलाइनवर आणून तिचा परेड मूळ क्लिपच्या परेडशी ताडून बघा. काळं २८ वरून खाली गडप झालं असेल किंवा भिंत पुन्हा छताला लागली असेल, तर बिघाड कर्व्हमध्ये नाही. Deliver पानावरच्या Advanced Settings मध्ये Data Levels चुकीचं लागलंय. ते Auto वर ठेवून पुन्हा काढा.

मामा ही क्लिप व्हॉट्सॲपवरच बघणार हे गृहीत धरा. तिथे फाइल पुन्हा दाबली जाते आणि मार पहिल्यांदा अंधाऱ्या भागाला बसतो, त्यामुळे तो दहा सेकंदांचा तुकडा स्वतःलाच पाठवून फोनवर बघून घ्या. वाशांखाली चौकोन दिसले तर Lum Vs Sat चं डावं टोक आणखी थोडं खाली आणा आणि काळ्याचा खुंटा २८ वरून २० ला उतरवा. अंधार थोडा गडद झाला की चौकोन त्यात बुडतात. पेनड्राइव्हवर द्यायची प्रत मात्र आधीच्याच ग्रेडची काढा, टीव्हीवर तो अंधार मोकळा दिसतो.